नाकातोंडात पाणी गेल्यावर

अर्नाळ्याचा किनारा असो, कळंब-राजोडीचा असो, की चिंचोटीच्या धबधब्याखालचा डोह. बुडालेल्याला काठावर आणलं की गर्दीतून पहिली सूचना ठरलेली असते: 'उलटा करा, पाणी काढा.' मग दोघंतिघं त्याचे पाय धरतात, एखादा दांडगा गडी त्याला पालथा खांद्यावर टाकून धावायला लागतो, कोणी गुडघे टेकून पोटावर दाब देतो. तोंडातून भळाभळा पाणी येतं आणि भोवतालचे लोक सुटकेचा श्वास टाकतात. ते पाणी जठरातलं असतं. बुडणारा माणूस धडपडताना घटाघटा पाणी गिळतो, ते सरळ पोटात जातं. पोटात दोन लिटर पाणी गेल्याने त्याच्या जिवाला तेवढ्या वेळात काही होत नाही. उलट दाबून वर आणलेलं ते पाणी, सकाळच्या वडापावसकट, उघड्या श्वासनलिकेत उतरण्याची धास्ती मात्र खरी असते.

या सगळ्या खटाटोपामागे एक साधा समज आहे. बुडणं म्हणजे अंगात पाणी शिरणं, म्हणून उपाय म्हणजे ते पाणी बाहेर काढणं. हाच समज पुढे ताणला की मिठाची अफवा तयार होते. बुडून गेलेल्याला मिठाच्या ढिगात पुरून ठेवलं की मीठ पाणी शोषून घेतं आणि माणूस उठून बसतो, असा संदेश समाजमाध्यमांवर फिरतो. 2022 साली कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात बुडून गेलेल्या एका लहान मुलाचा देह घरच्यांनी तासन्‌तास असा मिठात ठेवला होता. वसई तर मिठागरांचाच मुलूख, इथे मिठाला तोटा नाही. पण मीठ कितीही पाणी ओढू देत, त्या मुलाचं जे गेलं होतं ते पाण्याने गेलंच नव्हतं. ते गेलं होतं ऑक्सिजन न मिळाल्याने, आणि तेही अवघ्या काही मिनिटांत.

त्या मिनिटांचाच हिशेब या प्रकरणात मांडायचा आहे.

जागा चिंचोटीचीच घेऊ. मुंबई-अहमदाबाद हायवे सोडून तुंगारेश्वरच्या डोंगरातून तासाभराची पायपीट केली की हा धबधबा लागतो. 2018 च्या जुलैमध्ये अचानक पाणी वाढून शंभरावर पर्यटक इथे अडकले होते. त्यांना सोडवून आणावं लागलं आणि एकाचा बुडून मृत्यू झाला. पावसाळ्यात इथे जायला मनाईचे आदेश निघतात, तरी गर्दी होते. आता समजा, साठ किलो वजनाचा, वीस वर्षांचा, पोहता न येणारा एक मुलगा शेवाळलेल्या खडकावरून घसरून डोहात पडला. हा मुलगा कल्पनेतला आहे, पण त्याच्या अंगातले आकडे खरे आहेत.

पडताना त्याने छाती भरून श्वास घेतलेला नाही. एक किंकाळी बाहेर पडली, म्हणजे होती ती हवाही थोडी गेली. त्याच्या फुप्फुसांत अंदाजे चारशे-पाचशे मिलिलिटर ऑक्सिजन आहे आणि रक्तात साधारण आठशे. म्हणजे सगळी मिळून सव्वा लिटरची शिल्लक. पलंगावर निवांत पडलेला माणूस मिनिटाला अडीचशे मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो, त्या मानाने ही शिल्लक चार-पाच मिनिटं पुरायला हवी. पण जिवाच्या आकांताने हातपाय मारणारं शरीर मिनिटाला एक ते दीड लिटर खातं. शिवाय शिल्लक शेवटच्या थेंबापर्यंत वापरता येत नाही. रक्तातला ऑक्सिजन निम्म्याच्या आसपास आला की शुद्ध हरपायला लागते. त्यामुळे या मुलाच्या हातात खरा वेळ मिनिटभरच आहे, कदाचित त्याहूनही थोडा कमी.

या वेळात तो 'वाचवा' म्हणून ओरडेल, अशी काठावरच्या मित्रांची अपेक्षा असते. ओरडायला छातीत हवा लागते, आणि ज्याचं तोंड क्षणभरच पाण्यावर येतंय तो त्या क्षणी श्वास घेईल की हाक मारेल? अमेरिकेतले जीवरक्षक फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्यांच्या चित्रफिती बारकाईने पाहून हे नोंदवलं: हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात, डोकं मागे कललेलं असतं, तोंड पाण्याच्या रेघेशी वर-खाली होतं, आणि आवाज नसतो. हे वीस सेकंदांपासून फार तर मिनिटभर चालतं. वाडीतल्या बावखलात घसरलेलं लहान मूल याहूनही लवकर दिसेनासं होतं, म्हणून घरातल्यांना काही ऐकू येत नाही.

आता तो पाण्याखाली आहे आणि त्याने श्वास रोखून धरलाय. श्वास रोखण्याची मुभा किती वेळ, हे ऑक्सिजन ठरवत नाही, कार्बन डायऑक्साइड ठरवतो. रक्तात तो साचत जातो, मेंदूच्या मुळाशी असलेलं श्वसनकेंद्र त्याने चेतत जातं आणि एका क्षणी इच्छा असो-नसो, छाती उघडतेच. सराव नसलेल्या माणसात हा क्षण मिनिटाच्या आत येतो. जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. पाण्याखाली किती वेळ राहतो याची पैज लावणारी पोरं बुडी मारण्याआधी भराभर दहा-वीस श्वास सोडतात. त्याने ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही; घटतो तो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे धोक्याची घंटाच बंद होते. ऑक्सिजन संपून शुद्ध जाते तेव्हा श्वास घ्यावासा वाटलेलाही नसतो. चांगला पोहणारा पोरगा कमरेइतक्या पाण्यात गप्प बुडतो तो बरेचदा असा.

आपल्या मुलाने मात्र पाण्याखालीच श्वास घेतला. पहिला घोट स्वरयंत्राशी पोचला. इथे शरीराचा एक जुना पहारा आहे. घशाच्या त्या भागाला पाण्याचा स्पर्श झाला की आधी जोराचा खोकला येतो, आणि काही वेळा स्वरयंत्राचे पडदे एकमेकांवर घट्ट मिटतात. डॉक्टर याला लॅरिंगोस्पाझम म्हणतात. जेवताना पाणी चुकीच्या वाटेने गेलं की क्षणभर घसा आवळून आवाज बंद होतो, ते याचंच सौम्य रूप. पडदे मिटलेले असेपर्यंत पाणी खाली जात नाही हे खरं. पण हवाही जात नाही. पहारेकरी चोराला अडवतो आणि घरमालकालाही. छाती मिटलेल्या दाराविरुद्ध जीव खाऊन ओढ घेत राहते, पाणी पोटात जात राहतं आणि ऑक्सिजनची घसरण चालूच असते.

हे आकसणं टिकतं किती? फार नाही. स्नायूंना आवळून धरायला मेंदूचा हुकूम लागतो, आणि मेंदूच उपाशी पडायला लागला की हुकूम सैल पडतो. शुद्ध जाते, पडदे ढिले होतात, आणि श्वासाची हालचाल अजून शिल्लक असेल तर पाणी आत ओढलं जातं. जुन्या पुस्तकांत 'कोरडं बुडणं' नावाचा वेगळा प्रकार असे. दहा-पंधरा टक्के माणसं फुप्फुसांत थेंबही न जाता, आकसलेल्या घशानिशी मरतात, असं सांगितलं जाई. फिनलंडमध्ये पाण्यात सापडलेल्या मृतदेहांची शवविच्छेदनं तपासून 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी कोरडी फुप्फुसं शंभरात दोनसुद्धा निघाली नाहीत. त्याआधीच, 2002 साली ॲमस्टरडॅमला भरलेल्या जागतिक परिषदेत तज्ज्ञांनी ओलं बुडणं, कोरडं बुडणं, अर्धवट बुडणं अशा सगळ्या फोडी मोडीत काढल्या होत्या. द्रवात सापडल्यामुळे श्वसनात अडथळा येण्याची प्रक्रिया म्हणजे बुडणं, एवढीच व्याख्या त्यांनी ठेवली. मला ही व्याख्या आवडते ती यासाठी, की तिच्यात किती पाणी गेलं याचा उल्लेखच नाही.

किती पाणी जातं, हे मात्र विचारायलाच हवं, कारण उत्तर बहुतेकांच्या अंदाजाच्या पार उलटं आहे. फुप्फुसं पखालीसारखी भरत नाहीत. बुडालेल्या माणसांच्या श्वासमार्गात साधारणपणे किलोमागे तीन-चार मिलिलिटरहून जास्त पाणी क्वचित जातं. आपल्या साठ किलोच्या मुलात ते पेलाभर झालं. आणि श्वसन बिघडवायला एवढंही लागत नाही. किलोमागे एक ते तीन मिलिलिटर, म्हणजे चहाच्या कपाएवढं पाणीही पुरतं.

वसईत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, कारण इथे दोन्ही प्रकारचं पाणी आहे. पश्चिमेला अर्नाळ्यापासून रानगावपर्यंत खारा समुद्र, दक्षिणेला खाडी, आणि आत वाड्यांमधली बावखलं, विहिरी, पूर्वेला डोंगरातले डोह, हे सगळं गोडं. 1947 च्या सुमारास अमेरिकेत टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनला स्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांना पाण्यात बुडवून प्रयोग केले. गोडं पाणी फुप्फुसांतून रक्तात शिरतं, रक्त पातळ होतं आणि हृदय थरथरून थांबतं. खारं पाणी उलट रक्तातलं पाणी फुप्फुसांत ओढून घेतं आणि रक्त दाट होतं, असं दिसलं. पुढच्या कित्येक पिढ्यांनी हेच घोकलं: नदीतलं बुडणं वेगळं, समुद्रातलं वेगळं. मग 1960 च्या दशकात फ्लोरिडात जेरोम मॉडेल यांनी पाण्याचं माप बदलत हाच प्रश्न पुन्हा घेतला. रक्तातले क्षार गडबडायला किलोमागे बावीस मिलिलिटर पाणी फुप्फुसांत जावं लागतं. आपल्या मुलाच्या बाबतीत ते सव्वा लिटरच्या वर जातं. बुडालेल्या माणसांचं रक्त तपासलं तेव्हा जीवघेणी क्षारांची गडबड जवळजवळ कुठेच सापडली नाही, कारण तेवढं पाणी आत जाण्याआधीच माणसाची श्वासाची धडपड थांबलेली असते.

मग ते पेलाभर पाणी नेमकं करतं काय? फुप्फुसांत तीस-चाळीस कोटींच्या घरात वायुकोश असतात, भिंती इतक्या पातळ की हवा आणि रक्त एकमेकांना जवळजवळ चिकटलेले. हे इवले फुगे मिटू नयेत म्हणून आतून सर्फॅक्टंट नावाच्या स्निग्ध द्रव्याचा थर असतो. गोडं पाणी हा थर बिघडवतं, वायुकोश मिटतात. खारं पाणी थर धुऊन नेतं आणि वर रक्तातला द्रव आत ओढून वायुकोश भरून टाकतं. वाटा वेगळ्या, मुक्काम एकच: रक्त येतं, पण त्याला हवा भेटत नाही. गाडी स्टेशनात न थांबता निघून जावी आणि प्रवासी प्लॅटफॉर्मवरच राहावेत, तसं ते रक्त ऑक्सिजन न घेताच हृदयाच्या डाव्या बाजूला परततं आणि उरलेल्या चांगल्या रक्तात मिसळतं. म्हणून पाण्याबाहेर काढलेला, स्वतः श्वास घेणारा माणूसही निळसर दिसू शकतो. अर्नाळा की चिंचोटी, यावर उपचार बदलत नाही. गढूळ बावखलातला चिखल आणि जंतू पुढे न्यूमोनियाला निमित्त होऊ शकतात, एवढाच काय तो फरक.

तोंडावर येणारा फेसही यातूनच होतो. पाणी, हवा, सर्फॅक्टंट आणि वायुकोशांतून झिरपलेली प्रथिनं घुसळली जाऊन पांढरा, कधी गुलाबी फेस नाकातोंडातून येत राहतो. पुसला की पुन्हा येतो. गर्दीला वाटतं विष किंवा फिट. काही जण रुमालाने पुसण्यातच मौल्यवान वेळ घालवतात. त्या फेसातूनच तोंडाने हवा आत फुंकायची असते.

इकडे हृदयाचं काय चाललंय? आधी ते जोरात धडधडतं. ऑक्सिजन तळाला गेला की मंदावतं. मग असा टप्पा येतो की विजेची स्पंदनं चालू असतात, पण रक्त ढकलण्याची ताकद नसते, नाडी लागत नाही. शेवटी सरळ रेघ. पाण्याखाली गेल्यापासून इथवर यायला बहुधा काही मिनिटंच लागतात. झटक्याने थांबणाऱ्या हृदयाहून हा क्रम अगदी निराळा आहे. हृदयविकारात हृदय अचानक थांबतं तेव्हा रक्तात ऑक्सिजन भरलेला असतो, म्हणून पहिली काही मिनिटं नुसती छाती दाबूनही ते रक्त मेंदूपर्यंत ढकलता येतं. बुडालेल्या माणसात हृदय थांबतं तेच मुळी ऑक्सिजन संपल्यामुळे. नुसती छाती दाबली तर रिकामं रक्त फिरत राहतं. विजेचा झटका देणारं यंत्र लावलं तरी बहुतेक वेळा ते 'झटका नको' असंच सांगतं, कारण थरथरणारं हृदय इथे क्वचित आढळतं.

मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण विसाव्याला ऑक्सिजनचा पाचवा हिस्सा त्यालाच लागतो, आणि साठवण त्याच्याकडे नाही. पुरवठा पुरता तुटला की चार ते सहा मिनिटांत पेशी कायमच्या मरू लागतात. सगळ्यात आधी आठवणींशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस आणि तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतल्या पेशी. म्हणूनच वाचलेल्यांपैकी काही जण घरच्यांना ओळखतात, पण सकाळी काय खाल्लं ते सांगू शकत नाहीत. पाण्याखाली पाच मिनिटांहून कमी गेली तर मृत्यू किंवा गंभीर मेंदूइजा सुमारे दहा टक्क्यांत होते. सहा ते दहा मिनिटांत हेच प्रमाण निम्म्याच्या वर जातं, पंचवीस मिनिटांपुढे जवळजवळ सगळ्यांत.

याला अपवाद आहेत, आणि ते आपल्या कामाचे नाहीत. 1986 साली अमेरिकेत युटामधल्या बर्फाळ ओढ्यात अडीच वर्षांची मुलगी 66 मिनिटं बुडाली आणि वाचली. तिचा मेंदू ऑक्सिजन संपण्याआधीच थंड पडला होता. शरीराचं तापमान एक अंशाने उतरलं की मेंदूची ऑक्सिजनची गरज पाचेक टक्क्यांनी उतरते. वसईचा समुद्र जानेवारीतही इतका कोमट असतो की हा फायदा इथे कोणालाच मिळत नाही. अशा बातम्या वाचून तासाभरानेही आशा धरणाऱ्या नातेवाइकांना हे सांगणं जड जातं, पण सांगावं लागतं.

परत चिंचोटीला. मित्रांनी मुलाला तीन-चार मिनिटांनी काठावर ओढलं. हायवे तासाभरावर, अँब्युलन्स तिथेच थांबणार. म्हणजे त्याच्या मेंदूचं काय होणार ते डोहाकाठीच ठरणार. त्याला उताणा, सपाट जागी ठेवायचं. हाक मारून हलवून बघायचं, आणि छाती वरखाली होते का ते दहा सेकंदांत ठरवायचं. मधूनच जबडा उघडून दिलेला आचका म्हणजे श्वास नव्हे. हे न कळल्याने 'श्वास चालू आहे' म्हणून लोक हात बांधून उभे राहतात. श्वास नसेल तर हनुवटी वर उचलून, नाक दाबून, तोंडावर तोंड ठेवून आधी श्वास द्यायचे. अमेरिकेतल्या सूचना सुरुवातीला दोन म्हणतात, युरोपातल्या पाच. माझा कल पाचकडे आहे, कारण मिटलेले वायुकोश पहिल्या दोन फुंकरींत उघडतीलच असं नाही. प्रत्येक वेळी छाती उचललेली दिसली पाहिजे. मग तीस वेळा छाती दाबायची, पुन्हा दोन श्वास, असं मदत येईपर्यंत. श्वास देणं जमतच नसेल तर नुसतं दाबणं काहीच न करण्यापेक्षा बरं, इतकंच.

नाडी अजून मंद चालू असताना हे श्वास मिळाले, तर बरेचदा तेवढ्यानेच गाडी रुळावर येते. उलटं टांगण्यात, पोट दाबण्यात, पाठीवर धपाटे घालण्यात नेमकी हीच मिनिटं जातात. उलटी मात्र होणारच. छाती दाबताना ती बहुतेकांना होते. झाली की मान आणि अंग एकत्र कुशीला वळवायचं, तोंड बोटाने साफ करायचं आणि पुढे चालू ठेवायचं. पोटातलं पाणी स्वतःहून येईल तेवढं येऊ द्यावं.

श्वास परत आला म्हणून त्याला रिक्षात घालून घरी नेऊ नये. वायुकोशांना झालेली इजा पुढच्या काही तासांत वाढू शकते. खोकला थांबत नाही, श्वास जोरजोरात चालतो, ओठ निळसर पडतात, बोटाला लावलेल्या यंत्रात ऑक्सिजन उतरलेला दिसतो, मूल पेंगुळतं. ही लक्षणं असतील तर दवाखान्यातच राहावं लागतं. ज्याला नुसता खोकला आहे आणि छाती स्वच्छ आहे, त्याला सहा-आठ तास देखरेखीखाली ठेवून सोडतात. तरणतलावात नाकात पाणी गेलेलं मूल चार दिवस हसत-खेळत राहून अचानक 'कोरडं बुडून' जातं, असे संदेश फिरतात ते खोटे आहेत. इजा झाली असेल तर ती त्याच दिवशी, श्वासातच दिसते. फुप्फुसं तरुण माणसात बहुधा आठवड्याभरात सावरतात. अतिदक्षता विभागात नंतर डॉक्टर ज्याची वाट बघत बसलेले असतात तो मेंदू असतो. साधारण बहात्तर तासांनंतर हाकेला डोळे उघडतात का, दुखवलं तर हात खेचून घेतो का, यावरून ते घरच्यांशी काय बोलायचं ते ठरवायला लागतात.